सोळा तारीख : काजू कारखान्यातला पीएफ आणि उशिराचा हिशेब

[दृश्य: खळ्यावर पसरलेली काजू बी, फावड्याने बी परतणारे हात]

एप्रिल उलटला की वेंगुर्ल्याच्या बाजूला कुठल्याही वाडीत शिरा, खळ्यात काजू बी वाळताना दिसणारच. बागायतदाराला पैसे लगेच हवे असतात कारण पाऊस तोंडावर आहे, आणि कारखानदाराला बी आत्ताच हवी असते कारण वर्षभर कारखाना चालवायचा तर नंतर बी मिळायची कुठून. म्हणजे या दोन महिन्यांत कारखान्याकडे असलेला, नसलेला, उसना आणलेला सगळा पैसा पोत्यात जाऊन बसतो.

[दृश्य: गोदाम, छतापर्यंत रचलेली पोती, वजनकाट्यावर चढवलेलं एक पोतं]

ही पोती बघून घ्या. यात बायकांच्या पगारातून कापलेला पीएफही असू शकतो, आणि अनेक ठिकाणी असतो.

[दृश्य: कुकरमधून येणारी वाफ, कटिंग मशीनवर बसलेल्या बायका, पायाचं पॅडल]

बी आधी वाफवतात, मग एक दिवस थंड होऊ देतात, मग कटिंग. एका हाताने बी पात्यात धरायची, पायाने पॅडल मारायचं, दुसऱ्या हाताने गर बाहेर काढायचा. टरफलातला चीक बोटं जाळतो म्हणून तेल नाहीतर राख लावून बसतात. मग ड्रायर, मग सोलणी, मग ग्रेडिंग. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. सोलणीचा पगार बहुतेक ठिकाणी किलोवर असतो, आणि आपल्या विषयाची खरी अडचण इथेच सुरू होते.

[दृश्य: वजनाची वही, पेन्सिलीने लिहिलेले किलो]

ही वही. प्रत्येक बाईने रोज किती किलो सोललं ते हिच्यात. महिना संपला की बेरजा करायच्या, त्यावरून पगार, आणि पगारावरून पीएफ. वही अकाउंटंटकडे पोचते चार-पाच तारखेला, पगार सात तारखेच्या आत द्यायचा असतो म्हणून त्याची घाई होते, पीएफला अजून आठ दिवस आहेत म्हणून तो बाजूला पडतो, आणि मग बी घेऊन एखादा टेम्पो दारात उभा राहतो. पीएफचे पैसे बुडवायचे म्हणून कोणी ठरवून बसत नाही हो. "पुढच्या महिन्यात टाकू, काय व्याज होईल ते भरू", एवढंच होतं.

काय व्याज होईल ते आता बघू.

[दृश्य: फळ्यावर खडूने आकडे लिहिणारा हात]

समजा कारखान्यात २४ बायका आहेत, प्रत्येकीचा पीएफचा पगार १२,५०० रुपये. आकडे गोल घेतलेत, डोक्यात राहावेत म्हणून. एकूण पगार झाला ३ लाख. बायकांच्या पगारातून १२ टक्के कापायचे, ३६,००० रुपये. तेवढेच मालकाचे, अजून ३६,०००. त्यात विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासन खर्चाचा अर्धा टक्का, दीड-दीड हजार. महिन्याचं चलन ७५,००० रुपये. पगाराचा महिना संपल्यावर पुढच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचं. पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, २० पर्यंत चालायचं, ती २०१६ साली बंद झाली, तरी कित्येक जुन्या मालकांच्या डोक्यात अजून २० तारीखच आहे.

आता उशीर झाला तर दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात, आणि लोक दोन्हींना मिळून "व्याज" म्हणतात म्हणून घोळ होतो. एक व्याज, १९५२ च्या पीएफ कायद्याचं कलम ७ क्यू. वर्षाला १२ टक्के, साधं व्याज, मुदत संपल्यापासून भरलं त्या दिवसापर्यंत, दिवसावर मोजलेलं. दुसरं डॅमेजेस, कलम १४ बी, म्हणजे दंडच. त्याचा दर १४ जून २०२४ पासून बदलला. आधी उशीर जितका लांब तितका दर चढायचा, दोन महिन्यांच्या आत असेल तर वर्षाला ५ टक्के आणि सहा महिने किंवा जास्त झाले की २५ टक्के. आता सरळ महिन्याला १ टक्का. बातमी आली तेव्हा सगळे म्हणाले, दंड कमी झाला. लांबवणाऱ्याचा झाला, खरंच. पण नियमात पुढे तीन शब्द आहेत, "किंवा त्याचा भाग". महिना पूर्ण भरायची गरज नाही, एक दिवस झाला तरी तो अख्खा महिना.

[दृश्य: फळा जवळून, १६ या आकड्याभोवती गोल]

म्हणजे काय होतं बघा. ७५,००० चं चलन १५ ऐवजी १६ तारखेला भरलं. व्याज एका दिवसाचं, पंचवीस रुपयांच्या आसपास. जुन्या दराने दंड झाला असता दहा रुपये. आताच्या दराने ७५० रुपये. आणि तेच चलन महिनाभर थांबून पुढच्या १५ ला भरलं तरी दंड ७५० च! म्हणजे दंडाचा विचार केला तर १६ तारखेएवढा महाग दिवस महिन्यात दुसरा नाही. जो कारखाना कधी पीएफ बुडवत नाही, फक्त दर महिन्याला "दोन-तीन दिवस इकडेतिकडे" करतो, त्याला वर्षाला नऊ हजाराचा दंड बसतो, आणि त्याला वाटत असतं आपण वेळेवर आहोत.

[दृश्य: पावसात भिजणारं कारखान्याचं आवार, ताडपत्री]

आता जरा मोठा उशीर. २०२५ चा हंगाम धरू. एप्रिल, मे, जून अशा तीन महिन्यांच्या पगारावरचा पीएफ राहिला आणि माल विकून पैसे आल्यावर तिन्ही चलनं २० ऑगस्टला भरली. एप्रिलच्या चलनाची मुदत १५ मे, म्हणजे ९७ दिवस उशीर, व्याज २,३९२ रुपये. तीन महिने आणि वर पाच दिवस, म्हणून दंड चार महिन्यांचा, ३,००० रुपये. मेच्या चलनाला ६६ दिवस, व्याज १,६२७, दंड तीन महिन्यांचा, २,२५०. जूनच्या चलनाला ३६ दिवस, व्याज ८८८, दंड दोन महिन्यांचा, १,५००. सगळं मिळून ११,६५७ रुपये. यात गंमत अशी की तिन्ही चलनं त्या वरच्या पाच दिवसांत अडकलीत. तीच १५ ऑगस्टपर्यंत भरली असती तर प्रत्येकाचा एक-एक महिना वाचला असता, म्हणजे २,२५० रुपये. तेव्हा उशीर झालाच असेल तर निदान पुढची १५ तरी ओलांडू देऊ नका.

मालक म्हणतील, हंगामात पैसाच नसतो. मान्य. पण व्याज आणि दंड मिळून हा पैसा वर्षाला निदान २४ टक्क्यांनी पडतो. समजा बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के आहे. एप्रिलचे ७५,००० तिथून उचलून ९७ दिवस वापरले तर खर्च २,२०० च्या आसपास. पीएफ लांबवून तोच खर्च ५,३९२. बीसाठी उसनं घ्यायचंच असेल तर बँकेकडून घ्या की. बायकांकडून कशाला? कारण त्या ७५,००० पैकी ३६,००० त्यांच्या पगारातून आधीच कापलेले असतात, आणि कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो, तो दंड-व्याजाच्या वेगळा. कोर्टाकडूनही फार आशा नको. मुद्दाम केलं नाही हा बचाव पुरत नाही, दंड लावायला हेतू सिद्ध करावा लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय.

[दृश्य: ऑफिसचं टेबल, लॅपटॉप, शेजारी वजनाची वही]

या टेबलावर सगळं सुटतं. आम्ही शूट केलं त्या कारखान्यात अकाउंट बघणाऱ्या ताईंनी एकच बदल केलाय. किलोची वही त्या महिनाअखेरीला मागवत नाहीत, दर शनिवारी मागवतात. चार बेरजा आधीच झालेल्या असतात, त्यामुळे एक तारखेला फक्त शेवटचे दिवस मिळवायचे. पगार खात्यात जातो त्याच दिवशी पीएफची पूर्ण रक्कम, मालकाचा हिस्सा धरून, वेगळ्या खात्यात वळवतात. त्या खात्याचं चेकबुकच घेतलेलं नाही, म्हणजे टेम्पोवाल्याला तिथून देताच येत नाही. आणि ईसीआर, म्हणजे ती चलनासकटची मासिक फाईल, दहा तारखेच्या आत चढवतात.

दहाच का? कारण फाईल अडकते.

[दृश्य: सोलणीच्या टेबलावरची एक बाई, हातात आधार कार्ड]

"माजा नाव आधारार येगळा आसा," ती सांगते. लग्नाआधीच्या नावाने पूर्वी कुठेतरी कामाला होती, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, त्या नावाचा. आधारवर आता सासरचं नाव. नावं जुळत नाहीत म्हणून आधार जोडला जात नाही, आणि आधार जोडला नसेल तर तिची ओळ फाईलमध्ये चालत नाही. इथे लोक काय करतात, तिचं नाव दुरुस्त होईपर्यंत अख्खी फाईलच थांबवतात, आणि एकीसाठी बाकी तेवीस जणींचं चलन उशिरा जातं. तसं करू नका. तेवीस जणींची फाईल वेळेत भरा, तिचं जमल्यावर पुरवणी ईसीआर टाका. उशीर लागेल तो तिच्या एका ओळीवर, महिन्याचे ३,१२५ रुपये, त्याचा टक्का म्हणजे एकतीस रुपये. आणि नवीन बाई कामाला घेतानाच आधार आणि यूएएन जुळतं का बघितलं तर हेही टळतं.

[दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन]

अजून एक. चलन तयार झालं म्हणजे पैसे भरले असं नाही. टीआरआरएन नंबर येतो तो चलनाचा, भरण्याचा नाही. ताई दुसऱ्या दिवशी परत जाऊन स्क्रीनवर `Payment Confirmed` आलंय का आणि तारीख कुठली पडलीय ते बघतात, मग पावती काढून फाईलला लावतात. १५ ला रात्री भरायला बसलात आणि बँकेचा सर्व्हर बसला तर ही तारीख १६ पडणार, आणि १६ चं काय होतं ते फळ्यावर आहे.

[दृश्य: जुन्या पावत्यांची फाईल, पानं उलटणारे हात]

या पावत्या फेकायच्या नाहीत. दंडाची नोटीस काढायला कायद्यात मुदतच नाही, पाच-सात वर्षांनी एकदम येते, सगळ्या जुन्या महिन्यांची यादी जोडून. नोटिशीत प्रत्येक महिन्यासमोर मुदत, भरल्याची तारीख आणि रक्कम असते. ती पावतीशी ओळ-ओळ लावून बघायची. तारीख चुकलेली असू शकते, आणि १४ जून २०२४ च्या आधीच्या उशिराला जुना दर, नंतरच्याला नवा, हे नीट लावलंय का तेही बघायचं. सुनावणीला जाताना पत्र लिहून, पावत्यांच्या झेरॉक्स जोडून जायचं. नुसतं "धंदा मंद होता" म्हणून सांगून काही होत नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यामुळे पुढच्या कागदांवर कलमांचे नंबर वेगळे दिसतील. व्याज आणि डॅमेजेस दोन्ही तिथेही आहेत.