कोपर वाकडे की सरळ होणारे?

मंडळी, गोलंदाजाचा हात वाकडा दिसला की 'फेकतोय, फेकतोय' अशी ओरड सुरू होते, आणि आज मला त्या ओरडीविषयीच बोलायचे आहे. नियमाला वाकड्या हाताचे वावडे नाही. दंड खांद्याच्या पातळीत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ झाले, एवढेच पाहायचे असते. समजा, एकाचे कोपर आधी ३५ अंशांनी वाकलेले होते आणि चेंडू सुटताना ३० अंशांनी. फरक ५ अंशांचा, म्हणजे चेंडू वैध. दुसऱ्याचे २० वरून २ वर आले. फरक १८, म्हणजे १५ अंशांच्या मर्यादेपलीकडे, म्हणून अवैध. गंमत अशी, की चेंडू सुटतानाच्या छायाचित्रात हा दुसराच सज्जन वाटतो!

१९९५ च्या मेलबर्न कसोटीत मुरलीधरनच्या तीन षटकांत पंच डॅरेल हेअर यांनी सात नो-बॉल दिले. तेही गोलंदाजाच्या टोकाला उभे राहून. खरे तर कोपर पाहण्याचे काम बहुधा स्क्वेअर लेगच्या पंचाकडे असते. कर्णधार रणतुंगाने त्याला दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी दिली, तर तिकडचे पंच स्टीव्ह डन यांनी एकही नो-बॉल दिला नाही. गोलंदाज तोच, हात तोच. बदलला तो फक्त पाहणारा. (हेअर यांच्या हेतूविषयी मला विचारू नका, सभा संध्याकाळपर्यंत चालेल.) मुरलीचे कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. वाकलेला हात खांद्यातून गर्रकन फिरला की एका बाजूने पाहणाऱ्याला कोपर उघडल्याचा भास होतो, आणि तो भास कॅमेऱ्यालाही होतो, कारण पडद्यावर खोली नसते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा ज्यासाठी बोलावले ते आता घाईने सांगतो. पूर्वी आयसीसीची मर्यादा फिरकीला ५, मध्यमगतीला ७.५ आणि वेगवान गोलंदाजांना १० अंश होती. २००४ मध्ये मोजमाप झाले, तेव्हा निर्दोष समजल्या जाणाऱ्या बहुतेकांचे कोपरही थोडे सरळ होत असल्याचे आढळले. म्हणून २००५ पासून सर्वांना १५ अंशांची एकच मर्यादा लागू झाली. कोपर सरळ रेषेपलीकडे उलटे वाकले, तर ते मात्र यात धरत नाहीत.

आता सामनाधिकारी शैलीबद्दल संशयाचा अहवाल देतात आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गोलंदाजाच्या हातावर परावर्तक खुणा चिकटवून अनेक वेगवान कॅमेऱ्यांनी कोन त्रिमितीत मोजला जातो. चाचणीत माणूस साळसूदपणे हळू टाकू शकतो, म्हणून ती गोलंदाजी सामन्यातील चित्रणाशी ताडून पाहतात. एखादाच प्रकारचा चेंडू दोषी ठरला, तर बाकीची गोलंदाजी चालू ठेवता येते. पण दोन वर्षांत दुसऱ्यांदा निलंबन झाले, की पुन्हा चाचणी मागायलाही वर्षभर थांबावे लागते. २०१५ मध्ये महंमद हफीझवर हीच पाळी आली.