सुडोकू: सोपी घरं संपल्यावर पुढचं पाऊल कोणतं?

(ग्रंथालयाच्या मासिक व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय मोठा भारदस्त छापलाय, पण मला बोलायचंय ते एका क्षणाबद्दल. तो क्षण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सकाळचा चहा झालाय, कोडं निम्मं झालंय, आकडे पटापट पडत होते आणि अचानक सगळं थांबतं. एकच आकडा बसेल असं एकही घर उरत नाही. एखाद्या आकड्याला ओळीत किंवा चौकटीत एकच जागा उरलीय, असंही कुठे दिसत नाही. म्हणजे 'सिंगल' संपले. आता पुढे काय? इथे माणसांचे दोन तट पडतात. एक तट पेपर घडी करून ठेवतो. दुसरा तट पेन्सिलीला टोक काढतो.

माझं भांडण या दुसऱ्या तटाशी आहे.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. बँकेतून निवृत्त, अक्षर मोत्यासारखं. सिंगल संपले की ते पहिल्या घरापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक रिकाम्या घरात जे जे आकडे शक्य आहेत ते सगळे बारीक अक्षरात लिहीत जातात. तपासणी चोख, लेजर लिहिल्यासारखी. पन्नासएक घरं रिकामी असतात, प्रत्येकात तीन-चार आकडे. पाऊण तासानं तो कागद असा दिसतो की त्यावर मुंग्या सोडल्यात की काय. मग काका चष्मा पुसतात आणि त्या गर्दीत जोडी, म्हणजे तेच दोन आकडे असलेली दोन घरं, शोधायला लागतात. मी एकदा विचारलं, "काका, एवढं सगळं कशाला?" तर म्हणाले, "अरे, माहिती पूर्ण पाहिजे." आता बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला, माहिती कमी असली तरी चालतं, हे कोण सांगणार? (हशा) त्यांच्या सौभाग्यवती आज इथे आहेत, त्या मान हलवताहेत, म्हणजे मी अतिशयोक्ती करत नाहीये.

यात थोडा दोष कोडं छापणाऱ्यांचाही आहे. हा खेळ सध्याच्या रूपात पहिल्यांदा छापला गेला १९७९ मध्ये, अमेरिकेत, डेल कंपनीच्या मासिकात, 'नंबर प्लेस' या नावानं. रचणारे हॉवर्ड गार्न्स, निवृत्त वास्तुरचनाकार. त्यांचा खेळ जगभर गाजला तेव्हा ते हयात नव्हते. १९८४ मध्ये जपानच्या निकोली कंपनीनं तो उचलला आणि त्याला वळण लावलं. त्यांच्याकडे माणसं हातानं कोडी रचतात. हातानं रचलेल्या कोड्यात रचणाऱ्यानं तुमच्यासाठी वाट ठेवलेली असते, तुम्ही अडलात की कुठेतरी त्याचं बोट दिसतं. पुढे न्यूझीलंडचे वेन गूल्ड, हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश, त्यांना १९९७ मध्ये टोकियोच्या पुस्तकांच्या दुकानात हे कोडं सापडलं. त्यांनी ते तयार करणारा संगणकप्रोग्राम लिहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये सुडोकू छापून आणलं. तिथून ते आपल्या चहाच्या कपाशेजारी आलं. प्रोग्राम उत्तर एकच आहे याची खात्री करतो, पण वाट देखणी असेलच असं नाही. वर एक वर्तमानपत्र, नाव नको, दिलेले आकडे कमी असले की डोळे मिटून 'कठीण' लिहितं. दिलेल्या आकड्यांच्या संख्येचा आणि काठिण्याचा तसा सरळ संबंध नसतो हो! तीस आकड्यांचं कोडं घाम काढतं आणि चोविसाचं पाच मिनिटांत सुटतं. मी त्यांना पत्रही लिहिलं होतं. छापलं नाही, ते सोडा.

आपला जवळचा संबंध म्हणाल तर २००८ ची जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात झाली. वैयक्तिक विजेता अमेरिकेचा थॉमस स्नायडर. त्याच्या नावानं एक नोंदपद्धत ओळखली जाते, ती काकांच्या बरोबर उलट. नऊ घरांच्या चौकटीत एखाद्या आकड्याला फक्त दोनच जागा उरल्या असतील, तरच त्या दोन घरांत तो बारीक लिहायचा. तीन जागा असतील तर काही लिहायचं नाही. बास. कागद स्वच्छ राहतो, आणि जे लिहिलंय त्यातलं प्रत्येक चिन्ह काहीतरी सांगतं: 'इथे नसलो तर तिथे.' हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्यावरच येणार आहे.

आता फळ्याकडे बघा. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं ते मी पाहिलंय. कोड्याच्या वरच्या तीन ओळी आहेत.

४ ५ ९ | – २ – | ६ १ ८
– ३ – | १ ६ – | २ ५ –
२ १ ६ | – – – | – – ३

खालचा भाग काढत नाही. तिथलं एवढंच लक्षात घ्या, की सातव्या उभ्या ओळीत खाली कुठेतरी ७ आलेला आहे. सिंगल संपलेत, पाहिजे तर तपासा. दुसऱ्या ओळीत ४, ७, ८, ९ राहिलेत, चारही आकड्यांना एकापेक्षा जास्त जागा. तिसऱ्या चौकटीत ४, ७, ९ राहिलेत.

पहिली चौकट घ्या. तिथे दोन घरं रिकामी, दोन्ही दुसऱ्या ओळीत, आणि आकडे उरलेत ७ आणि ८. दोन घरांत तेच दोन आकडे, दुसरं काही नाही, म्हणून ही 'नेकेड पेअर'. आणि ७ पुरतं बोलायचं तर चौकटीतला ७ या एकाच ओळीत अडकलाय, म्हणून तीच 'पॉइंटिंग पेअर'सुद्धा. चौकटीत हिचा काही उपयोग नाही, कारण तिथे तिसरं रिकामं घर नाही. पण ही जोडी दुसऱ्या ओळीतही बसलेली आहे, तेव्हा ओळीतल्या बाकीच्या घरांतून ७ आणि ८ गेले.

दुसरी जोडी बघा. पहिल्या ओळीत दोनच घरं रिकामी, ३ आणि ७ साठी. ही दोन्ही घरं मधल्या चौकटीत आहेत. ओळीत हिला काम नाही, चौकटीत आहे: मधल्या चौकटीत इतरत्र ७ येऊ शकत नाही.

म्हणजे जोडी ओळीत सापडली तर ती चौकटीत कामाला येते, चौकटीत सापडली तर ओळीत. काका चुकतात ते इथे. जिथे जोडी सापडली तिथेच खोडत बसतात, काही खोडलं जात नाही, आणि 'जोडी निरुपयोगी' म्हणून पुढे जातात.

(इथे आयोजकांकडून वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली.)

पाच मिनिटं? बरं. मग ज्यासाठी बोलावलंत ते घाईत सांगतो. दोन जोड्या समोर आहेत, आधी कोणती? बहुतेक जण म्हणतील, जिच्यामुळे जास्त आकडे खोडले जातात ती. पहिल्या ओळीची जोडी मधल्या चौकटीतल्या चार घरांतून ७ घालवते, म्हणून ती मोठी. मी म्हणतो, खोडण्याची संख्या मोजू नका. 'इथे नसलो तर तिथे' असं सांगणाऱ्या आकड्याचं एक घर कोणती जोडी तोडते, ते बघा.

तिसऱ्या चौकटीत ७ कुठे बसेल? दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या घरात, किंवा तिसऱ्या ओळीच्या आठव्या घरात. तिसऱ्या ओळीच्या सातव्या घरात नाही, कारण त्या उभ्या ओळीत ७ आहे. म्हणजे दोनच जागा. आणि पहिल्या चौकटीची जोडी दुसऱ्या ओळीतून ७ काढून टाकतेय! एक जागा गेली, ७ आठव्या घरात बसला. सगळ्या कागदावर बारीक आकडे न लिहिता. दुसऱ्या जोडीनंही शेवटी तोच ७ मिळतो, पण त्यासाठी तिसरी ओळ पूर्ण धुंडाळावी लागते. शोध करायचा तो असा: ज्या आकड्याला शेजारच्या चौकटीत दोनच जागा आहेत, तो आधी घ्या, मग त्यातलं एक घर कुणी तोडतंय का ते बघा.

आता नेकेड पेअर मुद्दाम कधी शोधायची? पॉइंटिंग थांबल्यावर, आणि ज्या ओळीत किंवा चौकटीत चार-पाच घरं रिकामी आहेत तिथेच. तीन रिकामी असतील तर शोधूच नका, कारण जोडी असली तर तिसरा आकडा आपोआप एकाच जागी उरतो आणि तो तुम्हाला सिंगल म्हणून आधीच दिसला असता. सात-आठ रिकामी असतील तर जोडी असू शकते, पण दिसायला कठीण जाते. तेवढ्याच एका ओळीत सगळे शक्य आकडे लिहा, अख्ख्या कागदावर नाही.

आणि क्रम महत्त्वाचा. वरच्या चित्रात दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या घरात आधी ४, ७, ९ होते. ७ गेल्यावर ४, ९ राहिले. समजा नवव्या उभ्या ओळीत खाली, सहाव्या ओळीच्या घरात, ४ आणि ९ च आहेत. आधी ही जोडी नव्हती, आता झाली. त्याच उभ्या ओळीत आठव्या ओळीच्या घरात ४ किंवा ६ असेल, तर ४ गेला, तिथे ६. पॉइंटिंगनं नेकेड पेअर तयार केली, तिनं सिंगल दिला. उलट क्रमानं गेलात तर ही जोडी दिसलीच नसती.

एक धोका सांगतो आणि थांबतो. नुसती पॉइंटिंग पेअर असेल, म्हणजे ७ दोन घरांत अडकलाय पण त्या घरांत इतर आकडेही शक्य आहेत, तर ते इतर आकडे खोडायचे नाहीत. खोडायचा तो फक्त ७, आणि तोही त्या ओळीच्या चौकटीबाहेरच्या भागातून. नेकेड पेअरमध्ये दोन्ही घरं बंद होतात, पॉइंटिंगमध्ये नाही. ही गल्लत झाली की तासाभरानं एका ओळीत दोन ५ दिसतात. अशा वेळी माघार घ्यायची ती जिथे पहिली जोडी खोडली तिथपर्यंत, म्हणून प्रत्येक जोडी लिहिताना बाजूला क्रमांक टाका. प्रश्न असतील तर खाली चहाच्या टेबलापाशी विचारा, काकाही तिथेच असतील.