नावाशेजारचं उद्गारचिन्ह

मंडळी, आज वायफायच्या तीन चिन्हांवर बोलायचं ठरलंय. नावाशेजारी कुलूपच नाही ते नेटवर्क, 'Weak Security' असा शेरा असलेलं नेटवर्क आणि उद्गारचिन्ह लागलेलं नेटवर्क. राउटर म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. मी उद्गारचिन्हापासूनच सुरू करतो, कारण तिथे माणसं सगळ्यात जास्त चुकीच्या जागी हात घालतात.

माझ्या ताईचा एकदा रात्री फोन आला. "अरे, वायफायला उद्गारचिन्ह आलंय. पासवर्ड बदलला, तरी जात नाही."

पासवर्ड चुकला असता तर फोन नेटवर्कला जोडलाच गेला नसता. उद्गारचिन्ह दिसतंय याचा अर्थ फोन आणि राउटर यांचं जमलेलं आहे. अडलंय ते त्याच्या पलीकडे. विंडोजवर कधीकधी 'No internet, secured' असं येतं, ते वाचून लोक गोंधळतात. 'इंटरनेट नाही, मग सुरक्षित काय?' अहो, तिथे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका ओळीत लिहिली आहेत. 'secured' हे तुमच्या आणि राउटरमधल्या हवेतल्या संवादाबद्दल आहे, 'No internet' हे राउटरपासून पुढच्या रस्त्याबद्दल.

आता फोनला कळतं कसं की पुढे रस्ता नाही? हा माझा फार आवडता भाग आहे. नेटवर्कला जोडलं गेल्यावर फोन गुपचूप एक छोटी विचारणा करतो. अँड्रॉइड गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जातो, त्याच्या शेवटी `generate_204` असतं. तिथून २०४ क्रमांकाचं उत्तर यावं लागतं, म्हणजे 'पोचलास, पण द्यायला मजकूर काही नाही'. आयफोन एक पान मागवतो आणि त्यावर 'Success' हा शब्द आहे का, ते बघतो. विंडोज एक छोटी फाइल मागवतं, तिच्यात 'Microsoft Connect Test' एवढंच लिहिलेलं असतं. अपेक्षित उत्तर आलं तर चिन्ह नाही. भलतंच पान आलं तर फोन ओळखतो की मध्ये कुणीतरी अडवतंय, आणि लॉगिनचं पान उघडून देतो. काहीच आलं नाही, तर उद्गारचिन्ह.

म्हणजे ते चिन्ह फक्त एवढंच सांगतं की विचारणेला उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. एखाद्या कार्यालयाच्या फायरवॉलने नेमका तो पत्ता बंद केला असेल, तर बाकी सगळं चालू असतानाही चिन्ह दिसतं.

ताईकडे वळतो. तिने इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला होता. तिथल्या माणसाने एकही प्रश्न न विचारता सांगितलं, "मागच्या भोकात पिन घालून रीसेट करा." याचा मला मनापासून राग येतो. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि ते भोक दाबणं वेगळं. भोक दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. नेटवर्कचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि तिच्यासारखी जोडणी असेल तर कंपनीने दिलेलं युजरनेमही पुसलं जातं. त्या युजरनेमशिवाय कंपनीचं टोक राउटरला आत घेत नाही. ताईने भोक दाबलं, आणि उद्गारचिन्ह जसंच्या तसं राहिलं. फक्त आता एका बिघाडाचे दोन झाले होते.

मी गेलो. आधी फोनमध्ये नेटवर्कचा तपशील उघडला. पत्ता 192.168.1.7 होता, म्हणजे राउटरने फोनला पत्ता दिलेला आहे. (तिथे 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, असं समजा.) मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरचं पान उघडलं. बाहेरच्या जोडणीचा रकाना रिकामा होता. जुन्या कागदांतून युजरनेम शोधून भरलं, आणि रकान्यात पत्ता आला. रस्ता जोडला गेला. उद्गारचिन्ह मात्र तिथेच!

मग लॅपटॉपवर या दोन ओळी चालवल्या:

```
ping 8.8.8.8
ping example.com
```

पहिलीला उत्तर येत होतं, दुसरीला नाही. आकड्यांचा पत्ता पोचतोय आणि नाव पोचत नाही, म्हणजे नावाचा आकडा करून देणारा डीएनएस सर्व्हर आजारी आहे. कंपनीचा तो सर्व्हर बंद पडला होता, आणि मुळातला बिघाड तोच होता. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी 1.1.1.1 आणि 8.8.8.8 हाताने लिहिलं, फोनचं वायफाय बंद करून चालू केलं, आणि चिन्ह गेलं. भोक दाबायच्या आधी या दोन ओळी चालवल्या असत्या, तर काम पाच मिनिटांचं होतं.

आणखी एक, कारण याने पैसे जातात. उद्गारचिन्ह असताना अनेक फोन आपणहून मोबाइल डेटावर जातात. वर वायफायचं चिन्ह दिसतं, व्हिडिओ चालू असतो, आणि डेटा सिमचा संपत असतो.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. उरलेली दोन चिन्हं पटकन घेतो.

कुलूप नसलेलं नेटवर्क म्हणजे हवेतून जाणारं काही सांकेतिक केलेलं नाही. जवळ बसलेला कुणीही ते पकडू शकतो. https असलेल्या साइटवर तुम्ही काय लिहिलं ते त्याला वाचता येत नाही, पण कुठल्या साइटवर गेलात ते बहुधा कळतं. मला जास्त काळजी वाटते ती नावाची. तेच नाव लावून कुणीही दुसरं उघडं नेटवर्क सुरू करू शकतो, आणि फोन जुन्या ओळखीवर आपणहून त्याला जोडला जाऊ शकतो. म्हणून काम झालं की असं नेटवर्क यादीतून 'विसरा'. आणि भिंतीवर पासवर्ड लिहिलेलं कुलूपवालं नेटवर्क? WPA2 या साध्या, नेहमीच्या कुलपात तो पासवर्ड माहीत असलेला माणूस, तुमचा फोन जोडला जात असतानाचा संवाद पकडून, पुढचं उलगडू शकतो. त्याच्या पुढच्या WPA3 ने ही फट बुजवली.

'Weak Security' म्हणजे कुलूप आहे, पण जुनं. १९९७ चं WEP २००१ मध्येच फोडलं गेलं. त्याच्या जागी तात्पुरता उपाय म्हणून TKIP आलं, तेही आता कमकुवत मानतात. यात दोष बहुधा राउटरच्या सेटिंगचा असतो, तुमचा पासवर्ड कितीही लांब असला तरी. राउटरच्या पानावर वायफायच्या सुरक्षेत जा. 'WPA/WPA2 mixed' किंवा 'TKIP' असेल तर 'WPA2 (AES)' निवडा, 'WPA2/WPA3' दिसत असेल तर ते निवडा. एखादा फार जुना प्रिंटर त्यानंतर जोडला जाणार नाही. पासवर्ड तोच ठेवला तरी चालतो. फोन मात्र शेरा सोडत नसेल, तर ते नेटवर्क विसरवून पुन्हा जोडा.