सहाच्या आकड्याखाली काय लिहिलंय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा आठवडी बाजार. ताडपत्रीवर घड्याळं मांडली आहेत. सोनेरी केसचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, एक घड्याळ उचलून विकणारा सांगतो, "ओरिजनल स्विस, भाऊ. दोन हजार." तबकडीवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात खरंच 'स्विस मेड' छापलेलं आहे.

हे दोन शब्द कुणालाही मनाला येईल तसे छापता येत नाहीत. स्वित्झर्लंडचा त्यासाठी कायदा आहे. घड्याळाचं मशीन स्विस हवं, ते तिथेच केसमध्ये बसवलेलं हवं, शेवटची तपासणीही तिथेच व्हायला हवी. शिवाय २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. 'स्विस मूव्हमेंट' असं लिहिलं असेल तर दावा बराच लहान होतो. मशीन स्विस, पण घड्याळ जोडलं दुसऱ्या देशात. दुकानदार बहुधा हे दोन्ही एकाच दमात सांगून मोकळे होतात.

तालुक्याच्या चौकात घड्याळं दुरुस्त करणारे काका डोळ्याला भिंग लावतात आणि घड्याळ उलटं करतात. "समोरचं मंग वाचजो. मांगं का लिहेल हाये, ते पाय अगोदर."

मागच्या झाकणावर दोन ओळी आहेत. पहिली, 'जपान मूव्हमेंट'. इथेच तबकडी खोटी पडली, कारण मशीन जपानी असेल तर घड्याळ 'स्विस मेड' होऊच शकत नाही. दुसरी ओळ, 'स्टेनलेस स्टील बॅक'. तिचा अर्थ एवढाच, की झाकण स्टीलचं आहे. बाकीच्या केसबद्दल ती काहीच बोलत नाही. इथे तर कडेचा सोनेरी मुलामा उडालाय आणि खालचा पिवळसर धातू दिसतोय.

भिंगातून तबकडीही पाहून घ्या. अक्षरं जाड आहेत, शाई पसरलीय, 'मेड' मिनिटाच्या रेघांवर चढलंय. चांगल्या तबकडीवर ही छपाई रेघेसारखी सुबक असते. अर्थात, नुसत्या छपाईवरून निकाल देऊ नये. जुनं खरं घड्याळही कुणी पुन्हा रंगवून घेतलेलं असू शकतं.

झाकणही बदललेलं असू शकतं. म्हणून काका पात्यानं ते उघडतात. आत बटणसेल, आणि मशीनवर कोरलेलं नाव 'मियोटा', नंबर २०३५. मियोटा हा जपानच्या सिटिझन समूहातला ब्रँड. हे स्वस्त क्वार्ट्झ मशीन असंख्य साध्या घड्याळांत सापडतं, आणि वेळ नीट दाखवतं.

"मशीन वाईट नाही," काका झाकण दाबत म्हणतात. "बिघडलं तं दुरुस्त करत बसाचं नाही, आख्खं नवंच टाकाचं. पन दोन हजार? स्विसचे पैसे कायले द्याचे?"