भिंतीवरचे दोन कागद

(दृश्य: पहाटेचं पंचकर्म केंद्र. स्टोव्हवर दुधाचं पातेलं. लाकडी खुर्ची, समोर मोठं भांडं.)

सकाळचे सहा. दम्याचा जुना त्रास असलेल्या एका गृहस्थांना आज वमन द्यायचं आहे, म्हणजे औषध देऊन उलटी करवायची आहे. परवापर्यंत पाच दिवस ते रोज सकाळी औषधी तूप पीत होते आणि रोजची मात्रा आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त होती. काल एक दिवस तूप बंद ठेवून अंगाला तेल लावलं, शेक दिला. रात्री मुद्दाम दही-भात आणि उडदाचे वडे खायला सांगितले, म्हणजे कफ सुटून वर येईल. दम्याच्या माणसाला एरवी जे खाऊ नका म्हणतात, नेमकं तेच.

(दृश्य: वैद्य रक्तदाब मोजतात. रुग्ण पेल्यामागून पेला दूध पितो.)

आता पोटभर दूध, आणि मग गेळफळाचं म्हणजे मदनफळाचं चाटण. त्यात वेखंड, सैंधव आणि मध. थोड्या वेळानं कपाळावर घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं. वैद्य पाठीवर हात ठेवून उभे आहेत. शेजारी त्यांची सहायक वहीत रेघा ओढते. एक रेघ म्हणजे एक वेग, एकदा आलेली उलटी. चार वेग आले तर शुद्धी कनिष्ठ, सहा आले तर मध्यम, आठ आले तर उत्तम. पण वैद्यांची नजर वहीकडे नाही, भांड्याकडे आहे. आधी औषध आणि दूध येतं, मग कफ, आणि शेवटी पिवळं, कडू पित्त. पित्त दिसलं की थांबायचं. त्याऐवजी लाल दिसलं तर त्या क्षणी थांबायचं, आणि पुढे काय करायचं हे त्या खोलीत कुणाला तरी माहीत असावं लागतं.

हृदयरोग, वाढलेला रक्तदाब, पोटातला अल्सर, गर्भारपण यांत वमन देत नाहीत. हे ओळखायला नाडीबरोबर स्टेथोस्कोप लागतो, रुग्णाचे जुने रिपोर्ट लागतात, आणि कधी कधी ‘तुम्हाला हे करायचं नाही’ असं सांगण्याची हिंमतही लागते.

(दृश्य: भिंतीवरची चौकट. कॅमेरा नोंदणी क्रमांकावर थांबतो.)

ती हिंमत कुठून येते, ते या कागदावर आहे. बारावीनंतर नीट ही प्रवेश परीक्षा. मग बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीची साडेचार वर्षं. त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप, आणि त्या वर्षापुरती तात्पुरती नोंदणी. ते वर्ष संपलं की मुंबईच्या महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे कायमची नोंदणी. नुसती पदवी मिळाली म्हणून दवाखाना उघडता येत नाही, नोंदवहीत नाव चढावं लागतं. राज्यात हे १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमानं ठरवलं, आणि देशपातळीवर आज २०२० चा भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाचा कायदा आहे.

‘पूर्वीच्या वैद्यांकडे कुठे होत्या पदव्या?’ चित्रीकरणात हा प्रश्न आम्हाला जवळपास प्रत्येकानं विचारला. पूर्वी वेगळं होतं, हे खरंच आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या वैद्य विशारद आणि आयुर्वेद रत्न या परीक्षांवर नोंदणी होत असे. पण ती मान्यता १९६७ पर्यंतच्या प्रमाणपत्रांनाच होती. नंतर मिळवलेल्या प्रमाणपत्रांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१० मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यांवर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे व्यवसायही नाही. तिथे निदान पुस्तकं आणि परीक्षा तरी होत्या.

(दृश्य: मंगल कार्यालयाचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या. पडद्यावर मनगटाचं चित्र.)

हा शनिवार, आयुर्वेदाच्या दोन दिवसांच्या कोर्सचा पहिला दिवस. दुपारपर्यंत वात, पित्त, कफ. जेवणानंतर सगळे एकमेकांची मनगटं धरून नाडी शोधतात. रविवारी सकाळी अभ्यंग, शिरोधारा, आणि चहानंतर प्रमाणपत्रं.

(दृश्य: प्रमाणपत्र जवळून. सोनेरी शिक्का.)

इथे जरा थांबा आणि खालची ओळ वाचा. ‘शासनमान्य नोंदणीकृत संस्था’, पुढे क्रमांक. हा क्रमांक संस्थेचा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवला की असा क्रमांक मिळतो, भजनी मंडळालाही मिळतो. ज्याच्या हातात प्रमाणपत्र आहे, त्याची नोंदणी यानं होत नाही. सगळी गफलत या एका ओळीत आहे, आणि ती नजरचुकीनं छापली जाते असं आम्हाला वाटत नाही.

(दृश्य: टेबलावर गुलाबी पत्रक. लाल पेन हातात घेतलेला वैद्यांचा हात.)

असाच कोर्स केलेल्या एका योगशिक्षिकेनं तिचं पत्रक आम्हाला दिलं. वैद्यांनी ते एकेक ओळ वाचलं.

‘अंगाला तेलमालीश.’ आरामासाठी असेल तर हरकत नाही. ‘दिनचर्या आणि ऋतूनुसार आहाराचं मार्गदर्शन.’ सर्वसाधारण माहिती म्हणून हेही चालेल.

‘नाडी पाहून रोगनिदान.’ इथे पेन चाललं. निदान करून उपचार सांगणं म्हणजे वैद्यकीय व्यवसाय. ‘बस्ती आणि वमन.’ बस्ती म्हणजे औषधी एनिमा. पुन्हा पेन. पंचकर्म तंत्रज्ञाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूसही हे वैद्याच्या सांगण्यावरून, त्यांच्या देखरेखीखालीच करतो. नावाआधीचं ‘डॉ.’ तर गेलंच.

‘घरी बनवलेली चूर्णं मिळतील.’ नोंदणीकृत वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवू शकतो, कायद्यात तशी सूट आहे. बाकीच्यांना औषध बनवून विकायचं तर परवाना हवा.

शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत होती: ‘मधुमेह मुळापासून बरा.’ वैद्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘हे मलासुद्धा छापता येत नाही.’ औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात रोगांची यादी आहे आणि तीत मधुमेह आहे. त्यांची जाहिरात कुणीच करायची नाही, मग पदवी कोणतीही असो. नोंदणीकृत वैद्याला मुभा एवढीच, की इथे मधुमेहावर उपचार होतात अशी पाटी त्याच्या स्वतःच्या दवाखान्यावर लावता येते. तीही उपचारांची, हमीची नाही.

(दृश्य: योगशिक्षिकेच्या कपाटातली एक डबी. लेबल जवळून.)

तिच्या कपाटात त्रिभुवनकीर्तीची डबीही होती. सर्दी-तापाला घरोघरी माहीत असलेलं औषध. त्यात हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि वत्सनाभ आहे, म्हणजे बचनाग. शोधनात, म्हणजे शुद्ध करण्यात, किंवा मात्रेत चूक झाली तर बचनाग आधी ओठ-जीभ बधिर करतो आणि मग हृदयाचा ठोका बिघडवतो. म्हणून अशा औषधांच्या लेबलवर इंग्रजी आणि हिंदीत इशारा छापावाच लागतो, की हे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं. देखरेख करणारा कोण, हे दोन दिवसांच्या कोर्समध्ये तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर केंद्राच्या कायद्यात कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत, राज्याच्या कायद्यात कलम ३३ खाली सक्तमजुरी.

(दृश्य: वैद्यांचं केंद्र, दुपार. खुर्ची रिकामी, भांडं धुतलेलं.)

सकाळचे गृहस्थ घरी गेले आहेत. सात वेग, शेवटी पित्त. आज संध्याकाळी त्यांना पातळ पेज मिळेल, उद्या थोडी घट्ट, आणि पाचव्या दिवशी नेहमीचं जेवण. वैद्यांनी हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. खाली सही आहे, आणि सहीखाली नोंदणी क्रमांक. तो घेऊन कुणीही कौन्सिलकडे विचारू शकतं.

(दृश्य: झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर येणारं नवं पत्रक. दोनच ओळी. योगशिक्षिका ते दिव्याखाली धरून वाचते.)