फोटोतला नंदी दंडावर येतो तेव्हा

(नागपुरात चित्रकलेचे विद्यार्थी आणि नव्याने टॅटूचं काम शिकणारी मुलं यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान. बोललेलं थोडं सावरून लिहिलं आहे.)

मंडळी, मला विषय दिलाय तो फोटोवरून टॅटूचा फ्लॅश कसा करायचा, हा. फ्लॅश म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर लावलेलं तयार चित्र, जाड रेषेचं, थोड्या शेडिंगचं, गिऱ्हाइकाने बोट दाखवावं आणि कारागिराने तसंच्या तसं उतरवावं. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने 1891 मध्ये विजेच्या टॅटू यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्राने हात भरभर चालायला लागला, तेव्हा असे तयार नमुने दुकानाच्या फार कामाचे झाले. जाड रेषा ही काही त्या काळची फॅशन नव्हती. ती का लागते, हे मला माझ्या आजीच्या हाताने शिकवलं, म्हणून आधी आजी.

आजीच्या उजव्या हातावर मनगटाच्या वर तुळशी वृंदावन गोंदलेलं होतं, आणि हनुवटीवर तीन ठिपके. लग्नाआधी गोंदलेलं. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते वृंदावन बघत पडायचो. खालचा चौथरा स्पष्ट होता, मधलं खोड स्पष्ट होतं. वरची पानं मात्र एक निळसर-हिरवा ढग झाली होती. मी विचारायचो, "आजी, हे झाड हाये का फूल?" ती म्हणायची, "तुळस हाये बाबू. पयले एकेक पान मोजता येत होतं." पुढे अनेक वर्षांनी, टॅटूचं काम करायला लागल्यावर, मी तिचा हात हातात घेऊन मोजपट्टीने मोजला. चौथऱ्याच्या दोन रेषांमध्ये चार मिलिमीटर जागा होती, ती अजून मोकळी होती. पानं जिथे होती तिथे दोन रेषांत जेमतेम मिलिमीटरभर जागा सोडली असणार. ती जागा कातडीने भरून टाकली. गोंदणारी बाई तीच, काजळ तेच, हात तोच. फरक होता फक्त मोकळ्या जागेचा.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. शाई वरच्या थरात राहत नाही. तो थर झडून नवा येत असतो. शाई त्याच्या खालच्या थरात बसते, साधारण दीड-दोन मिलिमीटर खोल, आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून धरून ठेवतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिची शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे टॅटू तिथेच राहतो, पण आतल्या आत त्याची हातोहात देवाणघेवाण चालू असते. मला तरी वाटतं, रेषेची कड मऊ होत जाते ती यातूनच. नेमकी किती पसरेल ते कातडीवर, जागेवर, उन्हावर आणि सुई किती खोल गेली त्यावर ठरतं. मी हिशेबाला सोपं म्हणून रेषा दुप्पट होईल असं धरतो. माझा सगळा फ्लॅश या एका धरून चालण्यावर उभा आहे.

आता नंदी. मागच्या तान्ह्या पोळ्यानंतर एक मुलगा फोनमध्ये फोटो घेऊन आला. त्याच्या आजोबांनी सागवानाचा केलेला नंदी. चाकांच्या पाटीवर उभा, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ. बाहेरगावच्या कुणी ऐकत असेल तर सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेऊन येतात. हा मुलगा त्याच नंदीला दोरी बांधून ओढत मोठा झाला. आजोबा गेले होते. तो म्हणाला, "दादा, जसाच्या तसा पायजे. मनगटावर, एवढासा." आणि बोटांनी चार सेंटिमीटर दाखवले.

जसाच्या तसा! हा शब्द मी रोज ऐकतो आणि रोज मला त्याचं वाईट वाटतं. मागणाऱ्याची चूक नाही. फोनच्या काचेवर बोटांनी फोटो मोठा करता येतो, म्हणून त्याला वाटतं की एवढं सगळं त्यात आहे. कातडी मोठी करून बघता येत नाही. आणि "होतं ना भाऊ, करून देतो" म्हणणारे कारागीर आहेत, त्यांचं मला जास्त वाईट वाटतं. एकदा एक बाई माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे केलेला टॅटू घेऊन आल्या होत्या. वडिलांचा चेहरा, सहा सेंटिमीटरचा, केसाएवढ्या रेषांचा. चष्म्याची काडी, भुवई आणि पापणी यांची एकच पट्टी झाली होती. त्या म्हणाल्या, "मला तरी दिसतात हो बाबा त्यात." मी मान हलवली. त्यावर दुरुस्ती करायला मोकळी कातडीच उरली नव्हती.

तर नंदीचा फोटो. रात्री, ट्यूबलाइटखाली, फोनचा फ्लॅश मारून, हातभर अंतरावरून काढलेला. हातभरावरून काढला की जवळचं नाक मोठं आणि मागचं शरीर लहान येतं, आणि समोरचा फ्लॅश सावलीच खाऊन टाकतो. मी त्याला परत पाठवलं. सांगितलं, नंदी खिडकीशी ठेव, उजेड एका बाजूने येऊ दे, सहा फूट मागे जा, नंदीच्या उंचीला बस आणि झूम करून काढ. दुसऱ्या दिवशी जो फोटो आला त्यात मला पहिल्यांदा दिसलं की नंदीच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं आहे. मी विचारलं. तो हसला, म्हणाला, "ते माह्याच हातून पडलं होतं. आबाजी म्हणाले, राहू दे, आता हा तुहा झाला."

चित्र तिथेच सापडलं. बाकी सगळे नंदी एकमेकांसारखे, हा मात्र याचा. फोटोत ते तुटणं शिंगाच्या टोकाशी जरासं होतं, पटकन डोळ्यात न येणारं. फ्लॅशमध्ये मी ते शिंग एक तृतीयांश आखूड केलं आणि टोक सरळ कापल्यासारखं सपाट ठेवलं. फोटोशी प्रामाणिक राहिलो असतो तर दहा वर्षांनी दोन्ही शिंगं सारखीच दिसली असती.

आता झूल. फोटोत तिच्यावर अकरा पट्टे. मनगटावर चार सेंटिमीटरचा नंदी केला तर झुलीला मिळतात पंधरा मिलिमीटर. अकरा पट्ट्यांना बारा रेषा लागतात. सात सुयांच्या लायनरची रेषा मिलिमीटरभर धरा, बारा मिलिमीटर रेषांतच गेले. उरले तीन, ते अकरा फटींत वाटायचे. हे कागदावरसुद्धा होत नाही. म्हणून मी नंदी दंडाच्या बाहेरच्या बाजूला नेला, आठ सेंटिमीटर रुंद. झुलीला तीस मिलिमीटर मिळाले. तरी अकरा पट्टे ठेवले तर आज प्रत्येक फटीला दीड मिलिमीटरच्या वर जरासं, आणि रेषा दुप्पट झाल्यावर अर्धा. म्हणजे आजीची पानं. चार पट्टे केले. पाच रेषा, आज फट सव्वासहा मिलिमीटर, पुढे रेषा पसरल्यावरही पाच. मुलगा म्हणाला, "पट्टे कमी झाले ना दादा." मी दोन्ही चित्रं सहा फुटांवर भिंतीला लावली आणि त्याला बघायला लावलं. झूल कुठल्या चित्रात दिसते ते त्यानेच सांगितलं.

चाकांना आठ-आठ आरे होते. आरे मध्यात एकत्र येतात, तिथे जागाच नसते. मी आरे काढून टाकले आणि एक जाड कडं व मध्ये भरीव काळा आस ठेवला. घुंगरं वीसच्या पुढे होती, पाच मोठी ठेवली. लाकडाच्या रेषा सगळ्या पुसल्या. डोळा मात्र फोटोपेक्षा मोठा केला, आत तीन मिलिमीटर कोरी कातडी राहील इतका.

हे करताना संगणक लागतोच असं नाही. फोटो कृष्णधवल करून प्रिंट काढा, प्रत्यक्ष टॅटूच्या मापाचा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी फक्त बाहेरची कड काढा आणि ती काळ्याने भरा. नुसत्या काळ्या आकारावरून नंदी ओळखू आला नाही, तर आतल्या रेषा त्याला वाचवणार नाहीत. बाजू बदला, मान वळवा. आकार जमला की आत रेषा घ्या, एक मिलिमीटरच्या पेनने. मग त्याच चित्रावर दुसरा ट्रेसिंग पेपर ठेवा आणि सगळ्या रेषा दोन मिलिमीटरच्या स्केचपेनने गिरवा. हे तुमचं वीस वर्षांनंतरचं चित्र. जिथे पांढरं बंद झालं तिथली एक रेषा काढून टाका. मी हे प्रत्येक चित्राला करतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. शेडिंग अजून बाकी आहे, आणि जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात होतं, तर भराभर सांगतो.

तीनच पायऱ्या ठेवा. भरीव काळा, एक करडा आणि कोरी कातडी. फोटोतल्या पन्नास छटा डोळे बारीक करून या तिघांत वाटून टाका. आपल्याकडे सावळ्या कातडीवर फिकट करडा ठेवू नका. कातडीचा रंग वरच्या थरात असतो आणि शाई त्याच्या खाली, म्हणजे तुम्ही रंगीत काचेतून बघताय. फिकट छटा आज दिसते, जखम भरली की काचेमागे जाते. करडा करायचा तर रेषेपासून सुरुवात करून सुई झटक्याने उचलत न्या, ठिपके विरळ होत जातील. विरळ ठिपक्यांमधून कातडी दिसत राहते, आणि तीच तुमची फिकट छटा. सावली एकाच बाजूला. नंदीत मी पोटाखाली, झुलीच्या खालच्या कडेला आणि मानेच्या पाळीखाली एवढीच दिली. खिडकीचा उजेड वरून उतरत होता ना.

माप. हाताच्या घेराच्या एक तृतीयांशापेक्षा रुंद चित्र एका नजरेत दिसत नाही, कडा पलीकडे वळतात. सोळा सेंटिमीटरच्या मनगटावर म्हणून पाच सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, आणि पाचात जे मावत नाही ते मनगटावर घेऊ नका. आडवं जनावर उभ्या हातावर बसत नाही, त्याला दंड, पोटरी किंवा पाठ द्या.

नाव लिहायचं असेल तर देवनागरी अक्षर सेंटिमीटरपेक्षा लहान नको. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ आधी बुजते, मग बाबा कुणालाच वाचता येत नाहीत. त्या मुलाला नंदीखाली 'आबाजी' हवं होतं. नंदीखाली तेवढी जागा नव्हती. आम्ही पाटी थोडी जाड केली आणि अक्षरं तिच्याखाली घेतली, बारा मिलिमीटरची, शिरोरेषा म्हणजे पाटीचीच खालची कड. एक रेषा वाचली.

स्टेन्सिल लावताना हात खाली, सैल सोडलेला हवा. हात उचलून धरलेल्या माणसावर सरळ लावलेला नंदी त्याने हात सोडला की तिरका होतो. पहिल्यांदा तिरका बसला, तर स्पिरिटने पुसून पुन्हा लावा, पाच वेळा लावा. स्टेन्सिलची जांभळी शाई पुसता येते.

पहिला फोटो, दुसरा फोटो, पातळ पेनचं चित्र आणि स्केचपेनचं चित्र अशी चारही कागदं तिकडे भिंतीला लावली आहेत. आधी इथूनच, बसल्या जागेवरून बघा. मग जवळ या.