वाइनमधून अल्कोहोल काढतात कसं, आणि चव कुठे जाते?

नमस्कार मंडळी. मी आत्ता तासगावच्या एका द्राक्षबागेच्या बांधावर उभी आहे. इकडे बेदाणा सगळ्यांना माहीत, पलूसचा वाइन पार्कही माहीत. पण 'अल्कोहोल काढलेली वाइन' म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे द्राक्षाचा रसच ना?" नाही. रस आंबवून आधी खरीखुरी वाइन करतात आणि मग तिच्यातून अल्कोहोल बाहेर काढतात.

आता सरळ विचार केला तर वाटतं, अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, मग वाइन तापवा की झालं. तापवून अल्कोहोल जातं, पण वाइन शिजते. ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्यासारखा वास येतो. म्हणून उकळायचं, पण कमी तापमानाला. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात भात शिजायला जास्त वेळ लागतो, कारण तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं. कारखान्यात बंद टाकीतली हवा पंपाने ओढून दाब त्याहून खूपच खाली नेतात. मग अल्कोहोल ३०-४० अंशांतच वाफ होऊन निघतं. जर्मनीत कार्ल युंग यांनी या पद्धतीचं पेटंट १९०८ च्या सुमारास घेतलं होतं.

आज याचं सुधारलेलं यंत्र म्हणजे 'स्पिनिंग कोन कॉलम'. उंच उभा स्टीलचा खांब, आत एकाआड एक शंकू, एक स्थिर, एक फिरता. वाइन वरून पातळ थर होऊन उतरते, खालून वाफ वर चढते. यातून वाइन दोनदा जाते. पहिल्या फेरीत, साधारण ३० अंशांच्या आत, फक्त सुगंध काढून बाजूला ठेवतात. दुसऱ्या फेरीत थोड्या जास्त तापमानाला अल्कोहोल काढतात. शेवटी सुगंध परत मिसळतात.

ऐकायला सोपं आहे, पण खरी अडचण इथेच आहे. एक हिशेब करू. १००० लिटर वाइन घेतली, अल्कोहोल १२.५ टक्के, म्हणजे १२५ लिटर. पण अल्कोहोल एकटं निघत नाही, सोबत पाणी ओढून नेतं. निघालेला भाग निम्मा अल्कोहोल, निम्मा पाणी धरला, तर २५० लिटर गेले आणि ७५० उरले. आता आम्ल काही वाफ होऊन जात नाही. आधी लिटरला ६ ग्रॅम होतं, ते आता कमी द्रवात दाटून ८ ग्रॅम झालं. वाइन जास्त आंबट झाली.

आणि सुगंध? तो १० लिटर बाजूला काढला असं समजा. तोही अल्कोहोलमध्येच विरघळलेला असतो. त्यात निम्मं अल्कोहोल असेल तर ५ लिटर. सगळा परत ओतला तर ७५० लिटरमध्ये ५ लिटर, म्हणजे साधारण ०.६७ टक्के. आणि आपल्याकडे मर्यादा ०.५ टक्के. म्हणजे काही सुगंध बाहेरच ठेवावा लागतो. वाइनचा वास फिका लागतो त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. अल्कोहोल नुसती नशा देत नव्हतं. ते जिभेवर हलका गोडवा देत होतं, द्रवाला भरीवपणा आणि घशाला ऊब देत होतं, आंबटपणा आणि तुरटपणा सौम्य करत होतं. ते गेलं की आंबट आणि तुरट उघडे पडतात. म्हणून बनवणारे बहुतेक वेळा साखर किंवा द्राक्षाचा आटवलेला रस घालतात. रेड वाइनला हा फटका जास्त बसतो, कारण तुरटपणा तिच्यातच जास्त. पांढरी किंवा फसफसणारी त्या मानाने बरी लागते.

बिअरचं गणित हलकं आहे. तिच्यात जेमतेम ५ टक्के, त्यामुळे काढायचं कमी. वर हॉप्स नावाच्या फुलांचा कडवटपणा आणि गॅस बरंच झाकून घेतात. गॅस मात्र वाफेसोबत उडून जातो, तो नंतर पुन्हा भरावा लागतो. काही ठिकाणी अल्कोहोल काढतच नाहीत, माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, मुख्य साखर न खाणारं यीस्ट वापरून ते मुळातच कमी तयार होऊ देतात. अशी बिअर ओळखता येते: गोडसर असते आणि उकडलेल्या धान्यासारखा वास येतो.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. १०० मिलिलिटरला साखर किती, ते तिथे दिसतं. आणि ०.५ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे ज्यांना अल्कोहोल पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी ध्यानात ठेवा. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. जंतूंना अडवणारं अल्कोहोल आता तिच्यात नाही, आणि साखर मात्र आहे.